पार्सल पोहोचल्यानंतरचा अभिप्राय: मालाचा वेगळा, कुरिअरचा वेगळा, आणि विचारायचा कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून माल विकणाऱ्या आणि तो कुरिअरने पाठवणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी आहे. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: कोल्हापुरी चप्पल. ती पायात बसते की नाही हे पहिल्या दिवशीच कळतं, पण चामडं कसं आहे हे कळायला दोन आठवडे जातात. शिवाय पावसाळ्यात तिच्या पार्सलला ओल लागली, तर दोष चामड्याचा, खोक्याचा की कुरिअरचा, हे ओळखणं खरोखर अवघड असतं. त्यामुळे अभिप्रायातले बहुतेक घोळ या एका वस्तूत पाहायला मिळतात.

प्रश्न: पाच चांदण्यांचा एकच प्रश्न विचारला तर काय बिघडतं?

आलेल्या आकड्यावरून पुढे करायचं काय, ते कळत नाही. समजा एका ग्राहकाने तीन चांदण्या दिल्या. चप्पल उत्तम होती, पण पार्सल आठवड्याने आलं. दुसऱ्यानेही तीनच दिल्या. पार्सल तिसऱ्या दिवशी आलं होतं, पण डाव्या चपलेचा कान आठ दिवसांत उसवला. तुमच्या वहीत दोन्ही ठिकाणी तीन लिहिलं जातं. पहिल्याबद्दल कुरिअरशी बोलायला हवं होतं आणि दुसऱ्याबद्दल कारागिराशी. सरासरी काढली की या दोन्ही गोष्टी त्यात विरघळून जातात.

यात कारागिराचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. पार्सल उशिरा मिळाल्याचा राग चांदण्यांवर निघतो, कमी चांदण्या मालाच्या नावावर लागतात आणि पुढच्या वेळी विक्रेता त्याच कारागिराकडे भाव पाडून मागतो. शिलाईत काही चूक नसताना त्याने हे का सोसायचं?

प्रश्न: मग माल आणि कुरिअर असे दोन भाग केले की झालं का?

नाही, तीन भाग करावे लागतात: माल, पॅकिंग आणि पोहोचवणं. पॅकिंग विसरलं जातं, कारण ते ग्राहकाला दिसतं कुरिअरच्या माणसाच्या हातात. खोका चेपलेला असला की ग्राहक म्हणतो, "कुरिअरवाल्याने आपटला." पण पातळ पुठ्ठ्याच्या खोक्यात चप्पल सैल हलत असेल, कोपरे मोकळे असतील, तर तो खोका कुणाच्याही गाडीत चेपणारच. पॅकिंग विक्रेत्याचं असतं आणि ते उद्या सकाळी बदलता येतं. कुरिअर बदलायला महिना लागतो.

पोहोचवण्याच्या भागातही एक रेघ ओढावी लागते. ऑर्डर आल्यापासून कुरिअरचा माणूस पार्सल उचलून पहिलं स्कॅन करेपर्यंतचा वेळ तुमचा, त्यानंतरचा कुरिअरचा. ग्राहक मात्र पैसे भरल्यापासून दिवस मोजतो.

प्रश्न: "सात दिवस लागले" अशी तक्रार आली. यातला उशीर कुणाचा, हे कसं काढायचं?

ट्रॅकिंगच्या नोंदी उघडा आणि चार टप्प्यांच्या वेळा लिहून काढा: ऑर्डर आली कधी, पहिलं पिकअप स्कॅन कधी, पहिल्यांदा "आउट फॉर डिलिव्हरी" कधी, आणि "डिलिव्हर्ड" कधी. उदाहरणार्थ, ऑर्डर शुक्रवारी रात्री नऊला आली. लेबल शनिवारी निघालं, पण पिकअप सोमवारी संध्याकाळी झालं. गुरुवारी पार्सल वाटपाला बाहेर पडलं, "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून परत गेलं आणि शुक्रवारी पोहोचलं.

ग्राहकाचे सात दिवस बरोबरच आहेत. त्यातले तीन तुमच्याकडे गेले, तीन प्रवासात आणि एक हुकलेल्या फेरीत. लेबल शनिवारी निघालं याला काही अर्थ नाही. पार्सल तुमच्याच टेबलावर पडून होतं.

हुकलेल्या फेरीचा तो एक दिवस नीट तपासा. "तुम्हाला फोन आला होता का?" एवढंच ग्राहकाला विचारा. फोन आलाच नसेल आणि तरीही शेरा पडला असेल, तर त्या दिवसाचा कॉल रेकॉर्ड कुरिअरकडे मागता येतो. फोन आला होता पण ग्राहकाने अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही, असंही खूपदा निघतं. तसं असेल तर पार्सल निघतानाच "उद्या-परवा अनोळखी नंबरवरून कुरिअरचा फोन येईल" असा निरोप टाका. तिसरी शक्यता पत्त्याची. "शाळेजवळ" एवढ्यावर गावात पार्सल पोहोचतं, पिंपरी-चिंचवडच्या सोसायटीत पोहोचत नाही. ऑर्डरच्या फॉर्ममध्ये इमारत, विंग आणि मजला यांच्यासाठी वेगळा रकाना नसेल, तर ती चूक फॉर्मची धरावी.

प्रश्न: वस्तू खराब पोहोचली. दोष मालाचा, पॅकिंगचा की कुरिअरचा, हे फोटोवरून कळतं का?

बऱ्याचदा कळतं, पण फोटो खोक्यासकट हवेत. फक्त चपलेचा फोटो आला तर काहीच ठरवता येत नाही. बाहेरून लेबल दिसेल असा एक, चेपलेल्या किंवा ओल्या बाजूचा एक, खोका उघडल्यावर आतली मांडणी दाखवणारा एक आणि मग वस्तूचा एक, असे चार फोटो मागा.

बाहेरचा खोका धड आणि आतली वस्तू मोडलेली किंवा उसवलेली, तर दोष तुमच्याकडून निघतानाच होता किंवा वस्तू आत आपटत राहिली. बाहेरचा खोका एकाच कोपऱ्यात खोलवर दबलेला आणि आतली वस्तूही त्याच जागी दबलेली, तर बाहेरून मार बसला आहे. टेप कापून पुन्हा चिकटवलेली किंवा तुमच्या टेपवर दुसऱ्याच रंगाची टेप दिसली, तर वाटेत खोका उघडला गेला आहे. ती बाब लगेच कुरिअरला लेखी कळवा.

ओलीचं जरा निराळं आहे. खोका बाहेरून भिजलेला, पुठ्ठा मऊ पडलेला असेल तर पाणी वाटेत लागलं. पण खोका कोरडा, चप्पल घट्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि तिच्यावर पांढरी बुरशी, असं असेल तर ओल तुमच्याकडूनच आत गेली. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं हवेतली ओल शोषतं. जुलैच्या दमट हवेत ते पूर्ण सुकण्याआधी हवाबंद केलं, तर चार-पाच दिवसांच्या प्रवासात बुरशी धरते. ग्राहक हमखास "कुरिअरने भिजवलं" म्हणेल, पण त्या पार्सलला वाटेत पाण्याचा थेंबही लागलेला नसतो.

प्रश्न: अभिप्रायाचा निरोप कधी पाठवायचा? पार्सल पोहोचल्या पोहोचल्या की नंतर?

दोन निरोप, दोन वेळा. पोहोचवणं, पॅकिंग आणि माप यांविषयी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारा, मालाविषयी दोन आठवड्यांनी. एकाच निरोपात दोन्ही विचारलं तर एकाचं उत्तर नक्की खोटं येतं. लवकर विचारलंत तर न वापरलेल्या चपलेला "छान" मिळतं. उशिरा विचारलंत तर खोका रद्दीत गेलेला असतो आणि डिलिव्हरीबद्दल कुणाला काही आठवत नाही.

दोन्ही तारखा "डिलिव्हर्ड"च्या नोंदीपासून मोजा. ऑर्डरच्या किंवा पाठवल्याच्या तारखेपासून मोजू नका. ऑर्डरपासून सात दिवसांनी आपोआप जाणारा निरोप कोल्हापूर ते पुणे चालून जातो. पण पार्सल गडचिरोलीच्या वाटेवर असतानाच "चप्पल कशी वाटली?" असं विचारलं गेलं, तर तो ग्राहक पुन्हा तुमच्या निरोपाला उत्तर देणार नाही.

प्रश्न: पहिला निरोप पोहोचल्याच्या दिवशीच का नको?

त्याची दोन कारणं आहेत. पार्सल अनेकदा दुपारी वॉचमनकडे किंवा शेजारच्या काकूंकडे ठेवलं जातं आणि रात्री उघडलं जातं, कधी तर दुसऱ्या दिवशी. दुसरं म्हणजे "डिलिव्हर्ड"ची नोंद नेहमीच खरी नसते. दिवसाचा हिशेब बंद करायचा म्हणून संध्याकाळी उरलेल्या पार्सलवर तशी नोंद मारून ती दुसऱ्या दिवशी सकाळी दिली जातात, असं घडतं. म्हणून पहिल्या निरोपातला पहिला प्रश्न "कसं वाटलं?" असा नसावा, "मिळालं का?" असा असावा. त्याचं "नाही" असं उत्तर आलं, तर ते त्या महिन्यातलं सगळ्यात मोलाचं उत्तर समजा. लगेच कुरिअरकडे डिलिव्हरीचा पुरावा मागा: सही, ओटीपी किंवा फोटो.

याहून उशीरही करू नका. माल वाटेत खराब झाल्याचा दावा करायला कुरिअर कंपन्या फार थोडे दिवस देतात. नेमके किती, ते तुमच्या करारात पाहून भिंतीवर लिहून ठेवा. फोटो त्या मुदतीत हातात यायला हवेत.

वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ ठेवा. लोक घरी आलेले असतात, चप्पल समोर असते, फोटो काढायला उठता येतं. सकाळी अकराला ऑफिसात वाचलेल्या निरोपाला "संध्याकाळी बघून सांगतो" असं उत्तर येतं आणि गोष्ट तिथेच राहते.

प्रश्न: पहिल्या निरोपात नेमकं काय लिहायचं?

चार छोटे प्रश्न पुरतात, आणि त्यांची उत्तरं आकड्यात किंवा एका शब्दात देता यावीत. नमुना असा:

"नमस्कार. तुमची कोल्हापुरी (८ नंबर) काल पोहोचल्याची नोंद दिसते. चार गोष्टी कळवाल का?
१. पार्सल तुमच्या हातात मिळालं का? हो / नाही / दुसऱ्या कुणाकडे ठेवलं होतं
२. खोका कसा होता? नीट / चेपलेला / ओला / उघडलेला
३. डिलिव्हरीचा माणूस फोन करून आला का, नीट बोलला का?
४. घरात, स्वच्छ फरशीवर घालून पाहा. माप बरोबर आहे का? घट्ट / बरोबर / सैल
खोका चेपलेला किंवा ओला असेल तर टाकू नका, फोटो पाठवा. चप्पल कशी आहे ते आज विचारत नाही, पंधरा दिवस घालून झाल्यावर विचारू."

शेवटचं वाक्य गाळू नका. मालाबद्दल बोलायला पुढे जागा आहे हे कळलं, की ग्राहक आज डिलिव्हरीचा राग मालावर काढत नाही. आणि मालाबद्दल मनात काही असेल तर तेही त्याला उगीच दाबून ठेवावं लागत नाही.

माप पहिल्याच निरोपात का? बदलून देण्याची मुदत चालू असते आणि चपलेचा तळ अजून कोरा असतो, म्हणून. बाहेर चार पावलं चाललेली चप्पल परत घेऊन दुसऱ्याला विकता येत नाही. "घरात, स्वच्छ फरशीवर" हे शब्द त्यासाठीच घातले आहेत.

प्रश्न: आणि मालाचा निरोप चौदाव्या दिवशीच का?

कोल्हापुरी नवी असताना कडक असते. पहिले काही दिवस ती अंगठ्यापाशी आणि कानांच्या कडेला घासते. तेलाचा हात देऊन थोडी थोडी घातली की चामडं पायाचा आकार घेतं. तिसऱ्या दिवशी विचारलंत तर "चावते" असं उत्तर येणार. ते खरं असलं तरी त्यावरून माल वाईट ठरत नाही. चौदाव्या दिवशीही "चावते" असं आलं, तर एक तर माप चुकलंय किंवा कानाची कड नीट तासलेली नाही. म्हणजे शब्द तोच, पण दिवस बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

उलट बाजूही आहे. शिलाई उसवणं, तळाचे थर सुटणं, रंग पायाला लागणं हे पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसत नाही. पाच-सहा वेळा बाहेर घालून झाल्यावर दिसतं. चौदाव्या दिवशी निरोप पाठवला की साधारण तेवढा वापर झालेला असतो. शक्यतो त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास पाठवा. ज्यांना चप्पल फक्त सणासमारंभाला घालायची आहे त्यांची अजून घालूनच झालेली नसते, म्हणून "किती वेळा घातली?" हा प्रश्न सगळ्यात आधी ठेवा. "एकदाच" असं उत्तर आलं तर तो अभिप्राय वेगळा ठेवा, सरासरीत मिसळू नका.

त्यानंतरचे प्रश्न ठरावीक भागांबद्दल असावेत: अंगठा आणि कान अजून घासतात का, शिलाई कुठे सुटली का, रंग लागला का, वर्णनात आणि फोटोत दिसत होती तशीच आहे का. "क्वालिटी कशी वाटली?" असं विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. शेवटच्या प्रश्नामुळे आणखी एक चूक सापडते. चप्पल चांगली असते, पण जाहिरातीतल्या फोटोत रंग फिकट दिसत होता किंवा ती वाजती आहे हे लिहायचं राहिलं होतं. करकर वाजणारी चप्पल काही जण हौसेने मागवतात, पण ज्याला ठाऊक नसतं त्याला तो दोष वाटतो. अशा वेळी कारागिराला सांगण्यासारखं काही नसतं, वर्णन दुरुस्त करायचं असतं.

प्रश्न: दुसऱ्या मालाला किती दिवस ठेवायचे?

मालाचा खरा गुण कधी कळतो, तो दिवस शोधा. कांदा-लसूण मसाला दोन-तीनदा स्वयंपाकात पडायला हवा, त्याला सात ते दहा दिवस पुरतात. सुती साडी किंवा कुर्ता पहिल्या धुण्यानंतर कळतो, म्हणून तीन आठवडे. हापूसच्या पेटीला मात्र इतके दिवस ठेवू नका. फळ कच्चं पाठवलं असेल तर पिकायला जितके दिवस सांगितले, त्याच्या दुसऱ्या दिवशी विचारा. त्यानंतर साल-कोय कचऱ्यात गेलेली असते आणि डागी फळ किती निघाली हे कुणी मोजून ठेवत नाही.

प्रश्न: एवढ्या तारखा सांभाळायच्या कशा?

गूगल शीटमध्ये एका ऑर्डरला एक ओळ. रकाने असे: A ऑर्डर क्रमांक, B पिनकोड, C कुरिअर, D पिकअपची तारीख, E पोहोचल्याची तारीख, F पहिला निरोप, G दुसरा निरोप, H पोहोचवण्याचे गुण, I पॅकिंगचे गुण, J मालाचे गुण. निरोपाच्या उत्तरांवरून हे एक ते पाच गुण तुम्हीच भरायचे, ग्राहकाकडून आकडा मागायचा नाही. F आणि G मध्ये ही सूत्रं टाका. दुसरं सूत्र चौदाव्या दिवसानंतरचा रविवार काढतं, आणि चौदावा दिवस रविवारच असेल तर तोच ठेवतं.

```
=IF(E2="","",E2+1)
=IF(E2="","",E2+14+MOD(8-WEEKDAY(E2+14),7))
```

एखाद्या कुरिअरची सरासरी हवी असेल तर:

```
=AVERAGEIFS(H:H, C:C, "कुरिअर २")
```

दिवसाला पाच-दहा ऑर्डरी असतील तर रोज संध्याकाळी शीट उघडून आजची तारीख असलेल्या ओळींना निरोप पाठवणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दोन्ही मजकूर "क्विक रिप्लाय" म्हणून साठवून ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरू नका. तिचा निरोप फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोहोचतो, आणि नव्या ग्राहकाने तो सेव्ह केलेला नसतो. एसएमएसने पाठवायचं असेल तर हेडर आणि मजकूर दोन्ही आधी डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवावे लागतात. अभिप्रायाच्या निरोपात सवलतीचं कूपन घुसवू नका. त्याने तो जाहिरातीत मोडतो आणि त्याला जाहिरातीचे नियम लागतात.

प्रश्न: गुण वेगळे केले, आता त्यातून निष्कर्ष कसा काढायचा? एक उदाहरण द्या.

समजा जुलैमध्ये चाळीस जोड पाठवले आणि पहिल्या निरोपाला बावीस जणांनी उत्तर दिलं. त्यातल्या पाच जणांचा खोका ओला होता. कुरिअर बघितलं तर अकरा उत्तरं पहिल्या कुरिअरची, त्यात ओला खोका एक. अकरा दुसऱ्याची, त्यात ओले चार. इथे सगळ्यांचा हात लगेच दुसरं कुरिअर बंद करण्याकडे जातो. जरा थांबा आणि पिनकोडचा रकाना बघा.

पहिल्या कुरिअरची पार्सलं पुणे, नगर आणि नागपूरला गेली होती. दुसऱ्याची रायगड, रत्नागिरी आणि मुंबईला. म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याला जुलैचं कोकण आलं. चार ओले खोके कुरिअरमुळे की पावसामुळे, हे या आकड्यांतून सांगताच येत नाही, मग सरासरी कितीही दशांशांपर्यंत काढा.

ते कळण्यासाठी पुढची कोकणातली दहा पार्सलं वाटून टाका, पाच एका कुरिअरने आणि पाच दुसऱ्याने. खोका आणि टेप तीच ठेवा. समजा पहिल्याचे दोन ओले निघाले आणि दुसऱ्याचेही दोन. इतक्या थोड्या पार्सलांवरून कुरिअरचा दर्जा ठरत नाही, पण पहिलंही कुरिअर कोकणात खोका कोरडा ठेवू शकलं नाही, एवढं दिसलं. म्हणून आधी पॅकिंग बदला. खोक्याच्या बाहेरून जाड कुरिअर पिशवी घाला. आत चप्पल बटर पेपरमध्ये किंवा सुती कापडाच्या पिशवीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. आत घट्ट प्लॅस्टिक नको, त्याने ओल कोंडते. पुढच्या दहा पार्सलांत ओले खोके दिसेनासे झाले, तर दोष पॅकिंगचा होता. पिशवी असूनही एकाच कुरिअरच्या पिशव्या फाटून येत राहिल्या, तर मात्र त्या कुरिअरशी बोलायला तुमच्याकडे पक्का आधार आहे: तारखा, लेबलांचे फोटो आणि पिनकोड.

यात उत्तर न दिलेले अठरा जणही विसरू नका. ज्याचं सगळं नीट झालं तो बहुधा गप्प बसतो. म्हणून "बावीसपैकी पाच"ला "चाळीसपैकी पाच"ही म्हणता येत नाही आणि "तेवीस टक्के माल ओला पोहोचतो" असंही म्हणता येत नाही. दर महिन्याला त्याच दिवशी, त्याच शब्दांत विचारत राहिलात तर एका महिन्याची दुसऱ्याशी तुलना करता येते. मध्येच प्रश्न किंवा वेळ बदललीत तर ती तुलना तुटते.

प्रश्न: पहिल्या निरोपाला तक्रार आली तर दुसरा निरोप जायचा का?

तक्रार मिटेपर्यंत थांबवा. चप्पल बदलून दिली असेल तर नवी चप्पल पोहोचल्याच्या तारखेपासून चौदा दिवस पुन्हा मोजा. शीटमध्ये E ची तारीख बदलली की दोन्ही निरोपांच्या तारखा आपोआप सरकतात. मिटल्यावर मात्र दुसरा निरोप नक्की पाठवा. नाराज झालेल्यांना वगळून फक्त खूश लोकांकडून रिव्ह्यू मागणं ही फसवणूक आहे. पुढच्या खरेदीदाराची तर ती आहेच, तुमची स्वतःचीही आहे.

माल न घेता परत आलेल्या पार्सलला, म्हणजे आरटीओला, दोन्हीपैकी एकही निरोप नको. तिथे एकच प्रश्न फोनवर विचारा: का परत केलं?

प्रश्न: चप्पल भेट म्हणून पाठवली होती. विचारायचं कुणाला?

पोहोचण्याबद्दल ज्याच्या पत्त्यावर गेली त्याला, आणि तेही पैसे भरणाऱ्याला विचारूनच. वाढदिवसाच्या आधी पोहोचलेली भेट तुमच्या निरोपाने फोडू नका. भेट कधी देणार ते ऑर्डरच्या वेळीच विचारून ठेवा आणि मालाचे चौदा दिवस तिथून मोजा. दिवाळीत हा घोळ फार होतो. वसुबारसेला पोहोचलेली चप्पल पाडव्याला किंवा भाऊबीजेला पायात जाते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तर कुणालाच निरोप पाठवू नका.

प्रश्न: कुरिअरच्या चुकीसाठी ग्राहकाने उघड रिव्ह्यूमध्ये एक चांदणी दिली. काय उत्तर द्यायचं?

"ही कुरिअरची चूक आहे, आमचा काही संबंध नाही" हे लिहू नका. ग्राहकाने पैसे तुम्हाला दिले, कुरिअर तुम्ही निवडलंत. हिशेबात रकाने वेगळे ठेवले तरी ग्राहकापुढे जबाबदारी एकाचीच असते. उत्तर असं देता येईल:

"पार्सल सात दिवसांनी मिळालं, त्याबद्दल माफी मागतो. यातले तीन दिवस आमच्याकडून पिकअपला उशीर झाला, गुरुवारी तुम्हाला फोन न करताच पार्सल परत नेलं गेलं. पिकअप आता शनिवारीही ठेवलं आहे, फोनबद्दल कुरिअरकडे तक्रार नोंदवली आहे. चप्पल घालून झाल्यावर तिच्याबद्दलही कळवा."

पुढचा वाचणारा यातून दोन गोष्टी समजतो: तक्रार डिलिव्हरीची होती आणि ती ऐकली गेली. चप्पल वाईट नव्हती, हे वेगळं सांगावं लागत नाही. उत्तरात लिहिलेलं मात्र खरंच केलेलं हवं. रिव्ह्यू बदलायला सांगायचं असेल तर आधी तक्रार सोडवा, मग एकदाच विनंती करा. "चांदण्या वाढवा, मग पैसे परत करतो" असा सौदा कधीही करू नका.

प्रश्न: मोठ्या बाजारपेठांवर विकत असू तर हे सगळं लागू पडतं का?

विचार लागू पडतो, निरोप पाठवण्याची मोकळीक तेवढी नसते. अ‍ॅमेझॉनवर वस्तूचा रिव्ह्यू आणि विक्रेत्याबद्दलचा फीडबॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिलिव्हरीबद्दलची तक्रार दुसऱ्यात जायला हवी, ती पहिल्यात येऊन पडते. तिथे विक्रेत्याला "Request a Review" हे बटण वस्तू पोहोचल्यानंतर पाचव्या ते तिसाव्या दिवसापर्यंत वापरता येतं. कोल्हापुरीसाठी पाचव्या दिवशी घाई करू नका, चौदाव्याच्या आसपास दाबा. मजकूर ठरलेला असतो, बदलता येत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात पैसे किंवा भेटवस्तू देण्याला तिथे मनाई आहे.

प्रश्न: कायद्याचं काही बंधन आहे का?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहिणं चालत नाही. तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं. म्हणजे तुमच्या अभिप्रायाच्या निरोपाला उत्तर म्हणून आलेली तक्रारही नुसती शीटमध्ये भरून ठेवू नका, तिची पोच त्याच दिवशी द्या. ऑनलाइन रिव्ह्यू गोळा करणं आणि प्रसिद्ध करणं यासाठी भारतीय मानक ब्यूरोचं IS 19000:2022 हे मानक आहे. ते ऐच्छिक आहे, पण स्वतःच्या वेबसाइटवर रिव्ह्यू दाखवणाऱ्याने एकदा वाचावं. ग्राहकाला तुमच्याकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक त्याच्यासाठी आहे.

प्रश्न: उत्तरच येत नाही. आठवण किती वेळा करायची?

प्रत्येक निरोपाची एकदा, तीन दिवसांनी, आणि तीही एका ओळीत. पहिल्या निरोपासाठी अशी: "फक्त चौथ्या प्रश्नाचं उत्तर दिलंत तरी चालेल: माप बरोबर आहे का?" चारपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर मागितलं की ते मिळण्याची शक्यता वाढते, आणि बदलून देण्याची मुदत संपण्याआधी नेमकं तेच उत्तर हवं असतं. त्यालाही उत्तर आलं नाही तर पहिल्या निरोपाचा पाठपुरावा सोडा. दुसरा निरोप मात्र ठरल्या रविवारी जाऊ द्या. डिलिव्हरीबद्दल काहीच न बोललेले लोक चपलेबद्दल दोन ओळी लिहितात, कधी पायात घातलेला फोटोही धाडतात. तो फोटो वेबसाइटवर टाकण्याआधी त्यांची परवानगी घ्या.